संस्थेत काम करायचंय? (भाग ५) : आवड सांगू नका, काम सांगा

गेल्या आठवड्यात संस्थेचा वार्षिक अहवाल कसा वाचायचा ते पाहिलं. आता अर्जासोबतच्या पत्राकडे वळू. 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे' हे वाक्य अशा पत्रांत हमखास असतं. ते खोटंच असतं असं नाही, पण वाचणाऱ्याला त्यात पडताळण्यासारखं काही सापडत नाही.

'प्रथम'चं उदाहरण घेऊ. 1995 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेचं ध्येय 'मुलांचं शिक्षण' एवढ्यावर संपत नाही. मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठवर वाचता येतं ते आधी बघायचं आणि इयत्तेऐवजी त्या पातळीप्रमाणे गट करून शिकवायचं, ही तिची कामाची रीत आहे. आपल्या अनुभवाचा धागा जोडायचा तो या रीतीशी.

समजा, घरी शिकवणी घेणारी एक मुलगी तिथे अर्ज करते आहे. 'मला मुलांविषयी कळकळ आहे' हे वाक्य खोडून ती लिहिते : 'माझ्या शिकवणीत पाचवीची तीन मुलं होती. तिघांनाही दुसरीचा धडा वाचता येईना. मी पाचवीचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि रोज अर्धा तास सोपं वाचन घेतलं. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून एका पालकांनी मुलाला काढून घेतलं. वर्षअखेर एक जण गोष्ट वाचू लागला, दुसरा शब्दांपर्यंतच पोचला.'

यात मूल्याचं नाव कुठेच नाही, तरी पुस्तक संपवण्यापेक्षा मुलाला वाचता येणं तिला महत्त्वाचं वाटतं हे कळतं. त्यापायी एका मुलाची फी गेली, हेही दिसतं. अर्धवट यश तिने लपवलेलं नाही. आता जोडणारं एकच वाक्य पुरे : 'तुम्ही पातळीनुसार गट करता; मी अंदाजाने करत होते ते मला पद्धतशीर शिकायचं आहे.'

आपला प्रसंग शोधताना विचारावं : मी कुठे वेगळा निर्णय घेतला आणि त्यासाठी काय सोडलं? एका दिवसाच्या वृक्षारोपणात बहुधा असा निर्णय नसतो. घरातला किंवा नोकरीतला प्रसंगही चालतो, मात्र तो फुगवू नये. मुलाखतीत 'त्या पालकांना काय सांगितलंत?' असं कोणी विचारलं, तर जिने ते केलंय तिला उत्तर जुळवावं लागत नाही.

पत्र झालं की संस्थेचं नाव बदलून पाहा. नेत्रदानाचं काम करणाऱ्या संस्थेलाही तेच पत्र जसंच्या तसं पाठवता येत असेल, तर त्यात अजून नुसती आवडच आहे. आणि सांगण्याजोगा प्रसंगच सापडत नसेल, तर अर्ज थांबवून आधी काही महिने एखाद्या वस्तीतल्या अभ्यासिकेत जाऊन काम करावं.

(पुढील भागात : मुलाखतीत मानधनाविषयी कसं बोलावं)