चिनी गोषवाऱ्यात ‘प्रत्यक्ष’ कुठे सापडतं?

शोधनिबंधाच्या गोषवाऱ्याखाली चार-पाच बीजशब्द असतात. ते चिनीत नेताना काय बिघडतं, हे आज आमच्याच एका फजितीवरून पाहू.

दिङ्नागाच्या प्रत्यक्षविचारावर आम्ही एक निबंध लिहिला होता. त्याचा गोषवारा इंग्रजीवरून चिनीत गेला. वाक्यांत चूक नव्हती. पण ज्यांनी तो वाचायला हवा, त्यांना तो सापडलाच नाही.

झालं असं, की इंग्रजीतल्या ‘पर्सेप्शन’साठी भाषांतरकाराने 知觉 हा शब्द घेतला. तो मानसशास्त्राचा. दिङ्नागाचं नावही त्याने उच्चारावरून नव्याने घडवलं. वास्तविक हे शब्द चिनीत फार पूर्वीच ठरलेले आहेत. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने ‘न्यायमुख’ आणि ‘न्यायप्रवेश’ चिनीत नेले. त्या परंपरेत प्रत्यक्षाला म्हणतात 现量 (श्येन-ल्यांग), हेतुविद्येला 因明 (यिन-मिंग) आणि दिङ्नागाला 陈那 (छन-ना). या विषयाचा चिनी अभ्यासक शोधताना हेच टाइप करतो. आमच्या निबंधात यातला एकही शब्द नव्हता, मग तो सापडणार कसा?

पण नुसतं 现量 घालूनही भागत नाही. सतराव्या शतकात वांग फू-चि या विचारवंताने हाच शब्द काव्यविचारात वापरला. त्यामुळे त्या शब्दावर काव्यमीमांसेचे लेखही समोर येतात. ‘प्रमाण’ या अर्थाचा 量 एकटा तर अगदीच निरुपयोगी, कारण रोजच्या चिनीत त्याचा अर्थ ‘मात्रा’. म्हणून एका शब्दावर भिस्त न ठेवता विषय, व्यक्ती आणि ग्रंथ असे तिन्ही द्यावेत. ‘प्रमाणसमुच्चय’ चिनीत 集量论 म्हणून ओळखला जातो. तेव्हा आमची ओळ अशी हवी होती:

```
关键词：陈那；现量；因明；集量论；佛教知识论
```

शेवटचा शब्द ‘बौद्ध ज्ञानमीमांसा’. संस्कृत परंपरा न जाणणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या वाचकासाठी तो ठेवला. आणि 知觉 टाकून द्यायचा का? नाही. तो गोषवाऱ्याच्या वाक्यात 现量 शेजारी एकदा यावा. CNKI या चिनी संग्रहात 篇关摘 हा पर्याय निवडला, की शीर्षक, गोषवारा आणि बीजशब्द तिन्हींत शोध होतो. म्हणजे तोही वाचक हातचा जात नाही.

पारख कशी करायची? प्रत्येक शब्द त्या संग्रहात टाकून पाहायचा आणि पहिली वीस शीर्षकं वाचायची. किती लेख आले हे मोजू नका. ते आपले शेजारी वाटतात का, ते बघा. मग त्यातले दोन-तीन जवळचे लेख उघडून त्यांच्या बीजशब्दांची ओळ पाहा. निबंध तैवानच्या नियतकालिकाला द्यायचा असेल, तर पारंपरिक लिपीत 陳那, 現量 असं लिहावं लागतं.

शब्दकोश अर्थ सांगतो. शोधणारा कोणता शब्द टाइप करील, हे मात्र त्याच्या शेजाऱ्यांच्या लेखांतच कळतं.