चौऱ्याऐंशीचा आकडा पाहून घाई नको

स्टाफ नर्सच्या परीक्षेत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो. वय ६६, चाळीस वर्षांची बिडी, जुना सीओपीडी. दोन दिवसांपासून धाप वाढलेली, श्वास मिनिटाला २६, रुग्ण शुद्धीवर आहे, बोटावरचा ऑक्सिमीटर ८४ टक्के दाखवतो. पर्याय चार: नेझल प्रॉन्ग्जने ६ लिटर, साध्या मास्कने २ लिटर, २८ टक्क्यांचा व्हेंच्युरी मास्क ४ लिटरवर, किंवा पिशवीचा नॉन-रिब्रीदर १५ लिटरवर.

८४ पाहून हात शेवटच्या पर्यायाकडे जातो. पण अशा रुग्णाला ९८ नव्हे, ८८ ते ९२ टक्के गाठायचे असतात. त्याच्या फुप्फुसांच्या निकामी भागांकडे जाणारं रक्त शरीराने आवळून धरलेलं असतं. भरमसाट ऑक्सिजन मिळाला की ती आवळ सुटते, रक्त नीट हवा न खेळणाऱ्या भागांत जातं आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. टास्मानियात रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोजून ऑक्सिजन दिलेल्या सीओपीडीच्या रुग्णांचे मृत्यू भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा निम्म्याहूनही कमी होते.

म्हणून उत्तर व्हेंच्युरी. त्याच्या छिद्रांतून बाहेरची हवा ठरलेल्या प्रमाणात ओढली जाते, त्यामुळे रुग्ण जोरात श्वास घेवो की हळू, नाकाशी २८ टक्केच पोचतात. प्रॉन्ग्जचं तसं नाही. धाप लागलेला माणूस आजूबाजूची हवा जास्त ओढतो आणि नळीतल्या ऑक्सिजनचं प्रमाण श्वासागणिक बदलतं. शिवाय ६ लिटर या रुग्णाला जास्तच. व्हेंच्युरी नसेल तर प्रॉन्ग्जने १ ते २ लिटरवर सुरुवात करावी. व्हेंच्युरीचा प्रवाह मात्र त्याच्या व्हॉल्व्हवर छापलेला असतो, तो वाचूनच लावायचा; कंपनीगणिक रंग बदलतात.

‘साधा मास्क, २ लिटर’ हा पर्याय मला सर्वांत फसवा वाटतो, कारण आकडा कमी म्हणून तो सुरक्षित दिसतो. साध्या मास्कला किमान ५ लिटर लागतात. त्याखाली सोडलेला श्वास मास्कमध्येच रेंगाळतो आणि रुग्ण आपलाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढतो.

प्रश्नातली एखादी ओळ बदलली की उत्तर बदलतं. हाच रुग्ण अपघातात सापडून रक्तस्रावाने शॉकमध्ये असेल, तर पिशवी आधी भरून नॉन-रिब्रीदर १५ लिटरवर लावायचा, कारण ऑक्सिजनची कमतरता काही मिनिटांत जीव घेते. स्थिर झाल्यावर प्रमाण उतरवायचं.

व्हेंच्युरी लावल्यावर ३० ते ६० मिनिटांत धमनीतल्या रक्ताची तपासणी हवी. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही, त्यामुळे आकडा ९१ असूनही रुग्ण पेंगू लागला, डोकं दुखतं म्हणाला, पसरलेले हात फडफडू लागले, तर डॉक्टरांना लगेच बोलवावं. अशा वेळी ऑक्सिजन एकदम बंद मात्र करायचा नाही. पातळी पूर्वीपेक्षाही खाली कोसळू शकते. तो टप्प्याटप्प्याने ८८ ते ९२ वर आणायचा.