तीन मोडलेल्या पातळ्या : निफ्टी, जून 2024

जून 2024च्या पहिल्या सहा सत्रांत निफ्टीने तीनदा ठळक पातळी मोडली. सापळा आणि खरी चाल यांतला फरक समजून घ्यायला हे दिवस पुन्हा पाहण्यासारखे आहेत.

मेअखेरचा उच्चांक होता सुमारे 23,110. लोकसभा निवडणुकीच्या एक्झिट पोलनंतरच्या सोमवारी, 3 जूनला, बाजार त्याच्या वरच उघडला आणि 23,264वर बंद झाला. ‘पातळीच्या वर बंद, म्हणजे ब्रेकआउट खरा’ हा नियम पूर्ण झाला होता. पण हा बंदभाव अंदाजावर उभा होता. खरी मतमोजणी दुसऱ्या दिवशी होती. भाजप एकट्याच्या बळावर बहुमत गाठत नाही हे दिसताच निफ्टी 21,281पर्यंत कोसळला.

या घसरणीने मार्च, एप्रिल आणि मेचे तळ एका दमात तोडले. ते तिन्ही 21,710 ते 21,821 या पट्ट्यात होते. अशा सर्वांना दिसणाऱ्या तळांखाली खरेदीदारांचे स्टॉपलॉस साचतात आणि तळ तुटला की विकायचे म्हणून थांबलेल्यांच्या ऑर्डरीही तिथेच असतात. किंमत तिथे पोहोचली की दोन्हींची विक्री एकदम बाहेर पडते आणि मोठ्या खरेदीदाराला हवा तेवढा माल मिळतो. त्या दिवशी मूळ कारण निकालाचेच होते. स्टॉपलॉसच्या विक्रीने किती भर घातली, हे चार्ट सांगत नाही. तो एवढेच सांगतो की, 4 जूनचा बंदभाव 21,884, म्हणजे तिन्ही तळांच्या वर होता. हे स्विंग फेल्युअर. दुसऱ्या दिवशी बंदभाव 22,620 झाला, तेव्हा त्याला पुष्टी मिळाली.

मात्र 4 तारखेच्या बंदला खरेदी करून 21,281खाली स्टॉपलॉस लावणाऱ्याची जोखीम सुमारे 600 अंशांची होती. तेव्हाच्या 25च्या लॉटला 15,000 रुपये. दुसऱ्या दिवशी गॅप पडला असता तर त्याहून जास्त.

10 जूनला निफ्टी 3 जूनच्या 23,338 या उच्चांकाच्या वर गेला, पण 23,259वर बंद झाला. दिसायला हे शिखरावरचे स्विंग फेल्युअरच. पण पुढे विक्रीला जोर आला नाही आणि 13 जूनला निफ्टी 23,399वर बंद झाला. 10 तारखेच्या मेणबत्तीवर शॉर्ट गेलेला स्वतःच अडकला. 26 सप्टेंबरला निर्देशांक 26,200च्या पुढे बंद झाला.

पातळीच्या वर बंद होऊनही पहिली चाल फसवी ठरली आणि खाली बंद होऊनही तिसरी खरी. एका दिवसाचा बंदभाव फक्त संशय देतो. सापळा असेल, तर अडकलेल्यांना बाहेर पडावे लागते आणि पुढच्या एक-दोन सत्रांत किंमत उलट दिशेने जोरात पळते. ती पळाली नाही, तर सापळ्याचा अंदाज सोडून द्यावा.