पंखा थांबलाय, पण कार्ड बिघडलंय का?

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, संगणक सुरू केला आणि कार्डाचे पंखे स्थिरच दिसले, की पोटात गोळा येतो. अशा वेळी आधी पडद्याकडे पाहा. मॉनिटरची केबल कार्डालाच जोडलेली असेल आणि विंडोज नीट दिसत असेल, तर बहुधा काळजीचं कारण नाही. अनेक कार्डं गार असताना पंखे मुद्दाम बंद ठेवतात. तापमान साधारण ५० ते ६० अंशांच्या पुढे गेलं, की ते आपोआप फिरू लागतात.

खात्री करायला एखादा जड गेम दहा मिनिटं चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचं तापमान पाहा. ७५ अंश ओलांडूनही पंखे हलले नाहीत, तर गेम लगेच बंद करा. दोष पंख्यात किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे.

पडदा काळाच असेल किंवा वीज जोडण्याची सूचना दिसत असेल, तर केबल तपासा. आरटीएक्स ३०६० हे कार्ड सुमारे १७० वॉट घेतं, पण मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. उरलेली वीज पॉवर सप्लायच्या वेगळ्या केबलमधून, बहुतेकदा आठ पिनांच्या जोडणीतून येते. संगणक बंद करून, भिंतीवरचं बटण बंद करून ती केबल खटका बसेपर्यंत दाबा. प्रोसेसरची आठ पिनांची केबल तशीच दिसते, पण तिची रचना वेगळी असते. ती इथे जबरदस्तीने बसवू नका.