चेंडू रेषा ओलांडतो तेव्हा

३ जानेवारी २०१९. मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल यांचा सामना गोलशून्य बरोबरीत होता. लिव्हरपूलच्या सादियो मानेचा फटका गोलखांबावर आदळून परत आला. सिटीच्या जॉन स्टोन्सने तो दूर मारायचा प्रयत्न केला, पण चेंडू त्याच्याच गोलरक्षकाला लागून गोलकडे उलटला. स्टोन्सने धावत जाऊन तो रेषेवरून बाहेर काढला. पंचांच्या मनगटावरचं घड्याळ मात्र थरथरलं नाही. चेंडूला रेषा पूर्ण ओलांडायला सेंटीमीटरभराहून किंचित जास्त अंतर कमी पडलं होतं.

नियम सांगतो की संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच गोल. चेंडूचा व्यास असतो साधारण २२ सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या ११. जमिनीवरचा चेंडू गवताला फक्त एका बिंदूवर टेकतो. तो बिंदू रेषेच्या आतल्या कडेपासून १० सेंटीमीटर आत असला आणि मध्ये हिरवं गवत स्पष्ट दिसत असलं, तरी चेंडूचा फुगवटा रेषेवर आलेला असतो. तो गोल नव्हे. डोळा फसतो तो इथेच.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१३मध्ये स्वीकारलेली ‘हॉक-आय’ यंत्रणा गवताकडे पाहतच नाही. प्रत्येक गोलवर वेगवेगळ्या कोनांतून सात अतिवेगवान कॅमेरे रोखलेले असतात. प्रत्येक चित्रात संगणक चेंडू शोधतो. एका कॅमेऱ्यावरून चेंडू कोणत्या दिशेला आहे एवढंच कळतं; दोन कॅमेऱ्यांच्या दिशा जिथे छेदतात, तिथे चेंडूची नेमकी जागा मिळते. मग रेषेच्या आतल्या कडेवर उभा काल्पनिक पडदा धरून चेंडूचा मध्यबिंदू त्याच्या किती आत आहे, हे मोजलं जातं. हे अंतर त्रिज्येपेक्षा जास्त झालं, की चेंडूचा कोणताही भाग रेषेवर उरत नाही. हवेतल्या चेंडूलाही हेच गणित लागू पडतं. सेकंदाच्या आत पंचांच्या घड्याळावर ‘GOAL’ अशी अक्षरं उमटतात.

पण चेंडू दिसलाच नाही तर? १७ जून २०२० रोजी ॲस्टन व्हिला आणि शेफिल्ड युनायटेड यांच्या सामन्यात तेच घडलं. फ्री किकवर आलेला चेंडू पकडताना व्हिलाचा गोलरक्षक ओर्यान नीलँड चेंडूसकट रेषेच्या आत गेला. टीव्हीवर ते उघड दिसत होतं. मात्र गोलरक्षक, बचावपटू आणि गोलखांब यांच्या आड चेंडू सातही कॅमेऱ्यांपासून झाकला गेला. घड्याळ गप्प राहिलं, व्हिडिओ पंचांनीही हस्तक्षेप केला नाही आणि सामना ०-० सुटला. हॉक-आयने त्या संध्याकाळीच जाहीर माफी मागितली.

हंगाम संपला तेव्हा ३५ गुणांवरचा व्हिला लीगमध्ये टिकला, तर ३४ गुणांचे बोर्नमथ आणि वॉटफर्ड खालच्या श्रेणीत गेले.