गल्लीतल्या दुकानांचं एकच कूपन पुस्तक : अटी आणि मुदत कशी लिहायची?

अहिल्यानगर : दसरा-दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या गावांतून सवलतीची कूपनं वाटली जातात. गिऱ्हाईक वीस किलोमीटरवरून एसटीने येतं, कूपन पुढे करतं आणि गल्ल्यावरचा पोरगा सांगतो, "ती ऑफर संपली." किंवा, "या मालावर नाही चालत." कूपनावर कोपऱ्यात बारीक अक्षरात फक्त 'अटी लागू' असतं. त्या अटी कोणत्या, हे कुठंच छापलेलं नसतं. तिकिटाचे पैसे जातात, दिवस मोडतो आणि ते गिऱ्हाईक पुन्हा त्या गल्लीत येत नाही.

नगरच्या कापड बाजार, मोची गल्लीसारख्या ठिकाणी किंवा तालुक्याच्या कोणत्याही पेठेत शेजारी शेजारी दहा-बारा दुकानं असतात. त्यांनी मिळून एकच कूपन पुस्तक काढलं, तर छपाईचा खर्च वाटला जातो आणि एका दुकानाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडेही जातं. मात्र एकाने शब्द फिरवला की बोल सगळ्या गल्लीला लागतो. त्यामुळे पुस्तक छापण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करायला हव्यात : सवलत किती, अट काय आणि मुदत कधीपर्यंत.

आधी हिशेब

समजा, शेवगावच्या एका गल्लीतली 12 दुकानं 500 पुस्तकं काढत आहेत. प्रत्येक दुकानाचं एक कूपन. त्यातल्या कापड दुकानदाराचं नेहमीचं बिल सरासरी 800 रुपयांचं आहे आणि शंभर रुपयांच्या विक्रीत त्याला 25 रुपये सुटतात. म्हणजे एका बिलामागे 200 रुपये.

त्याने "1,000 रुपयांच्या खरेदीवर 75 रुपये सूट" ठेवली, तर हजारावर 250 सुटतात, त्यातून 75 गेले, उरले 175. जुनं गिऱ्हाईक हजारापर्यंत आलं तरी दुकानदाराला आधीपेक्षा 25 रुपये कमीच मिळाले. तीच अट 1,200 रुपयांची केली, तर 300 मधून 75 जाऊन 225 उरतात. इथं दोघांचाही फायदा आहे. म्हणून किमान खरेदीची रक्कम नेहमीच्या बिलापेक्षा चांगली वर हवी. पण फार वर नेली, तर कूपन कुणी वापरणारच नाही.

टक्क्यांऐवजी रुपयांत सूट लिहिलेली बरी. गिऱ्हाइकाला ती लगेच कळते आणि दुकानदाराला जास्तीत जास्त बोजा आधीच माहीत असतो : 500 कूपनं गुणिले 75, म्हणजे 37,500 रुपये. सगळी कूपनं परत येत नाहीत. तरी एवढी रक्कम झेपणार नसेल, तर सूट कमी करावी. किराणा दुकानात साखर-तेलावर फार काही सुटत नाही. तिथं या वस्तू वगळून बाकीच्या मालावर सूट द्यावी आणि वगळलेल्या वस्तूंची नावं कूपनावरच छापावीत.

अटी प्रत्येक कूपनावर

अटी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापून चालत नाही. कूपन फाडलं की अटी घरी राहतात. म्हणून प्रत्येक कूपन एकटं वाचलं तरी पूर्ण कळलं पाहिजे. कापड दुकानाच्या कूपनावरचा मजकूर असा असू शकतो :

*75 रुपये सूट. 1,200 रुपये किंवा त्याहून जास्त खरेदीवर.*
*1 ऑक्टोबर 2026 ते 30 नोव्हेंबर 2026, शेवटच्या दिवशी रात्री 8 पर्यंत.*
*एका बिलावर एकच कूपन. दुसऱ्या सवलतीसोबत नाही. उधारीवर नाही.*
*शाळेच्या गणवेशावर नाही.*
*मूळ कूपन आणावे, फोटो चालणार नाही.*

उधारीची अट गावाकडे विसरून चालत नाही, कारण भांडणं तिथंच होतात. जिथं भावात घासाघीस होते, तिथं 'ठरलेल्या अंतिम किमतीवर सूट' असं स्पष्ट लिहावं. माल परत घ्यायचा असेल, तर गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष दिलेली रक्कमच धरली जाईल, हेही लिहून टाकावं.

केंद्र सरकारच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा हा दाव्याच्याच भाषेत हवा. सूट मराठीत मोठी आणि अटी इंग्रजीत बारीक, असं करू नये. आमिष दाखवायचं आणि पुरेसा माल ठेवायचा नाही, हेही त्यात बसत नाही. 'पहिल्या 50 ग्राहकांना' असेल, तर 50 हा आकडा कूपनावर दिसला पाहिजे. फसवणूक झाली तर ग्राहकाला 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

'दिवाळीपर्यंत' म्हणजे कधीपर्यंत?

कुणाची दिवाळी भाऊबीजेला संपते, कुणाची तुळशीच्या लग्नाला. 'एक महिना' म्हटलं, तर तो छापल्यापासून की मिळाल्यापासून, हा वाद होतो. म्हणून सुरुवात आणि शेवट, दोन्ही तारखा महिन्याच्या नावासह आणि सालासह लिहाव्यात. सगळ्या 12 दुकानांची शेवटची तारीख एकच ठेवावी आणि ती मुखपृष्ठावरही मोठी छापावी.

तारीख ठरवताना गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कधी येतो ते पाहावं. खेड्यातली बरीच माणसं आठवडे बाजारालाच येतात. दोन महिने म्हणजे त्यांना आठ-नऊ बाजार मिळतात. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात नोव्हेंबरअखेर ठीक आहे. उसाच्या पट्ट्यात बिलं गाळप सुरू झाल्यावर येतात, तिथं डिसेंबरअखेर बरी. शेवटचा दिवस दुकानांच्या साप्ताहिक सुट्टीचा नसावा. लक्ष्मीपूजनाच्या गर्दीत कूपन घ्यायचं नसेल, तर त्या तारखा कूपनावर आधीच वगळाव्यात.

छपाई आणि गल्ल्यावर

ए-फोर कागदाच्या तीन आडव्या पट्ट्या केल्या की तीन कूपनं होतात. 12 कूपनांना चार कागद पुरतात, वर मुखपृष्ठ. पावती पुस्तकासारखी कडेला पिन मारून, पिनेच्या आत फाडण्यासाठी छिद्रांची रेघ मारायला सांगावं. पाठपोट कूपनं छापू नयेत. एक फाडलं की मागचंही जातं. मागची बाजू कोरी ठेवली, तर दुकानदाराला तिथं बिल नंबर आणि तारीख लिहिता येते. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असावा आणि तोच त्यातल्या प्रत्येक कूपनावर यावा. झेरॉक्स आली, तर एकच क्रमांक दुसऱ्यांदा दिसतो आणि लगेच पकडता येतो.

छापायला देण्याआधी प्रत्येक दुकानदाराने आपल्या कूपनाच्या प्रुफावर सही-शिक्का करावा. "मी असं म्हटलंच नव्हतं," हा वाद तिथंच मिटतो. तेच कूपन मोठं करून गल्ल्याजवळ चिकटवावं, म्हणजे मालक नसताना पोरगा नाही म्हणणार नाही. सूट बिलावर वेगळी दाखवावी. नियमित जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराने विक्रीच्या वेळीच बिलात दाखवलेली सूट करपात्र रकमेत धरली जात नाही.

मुदत संपल्यावर प्रत्येकाने आलेली कूपनं मोजावीत. 500 पैकी पाच-दहाच आली, तर किमान खरेदीची अट जड झाली किंवा पुस्तकं भलत्याच हातात गेली, असं समजावं. पुढच्या वेळी आधी तेवढंच दुरुस्त करावं.