पाठ कोण बघणार?

कोथरूडमधल्या एका घराचं उदाहरण डोळ्यांसमोर आणू. ७४ वर्षांच्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि दहा दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी सोडलं. मुलानं एका ब्यूरोला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक मावशी दारात उभी राहिली. तिला नेमकं काय येतं हे फोन घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. घरपोच शुश्रूषेची सेवा उभी करायची, तर विचार या सकाळपासून सुरू करावा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे सिस्टर आणि मावशी यांची कामं वेगळी आहेत. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी किंवा लघवीची नळी घालणं हे परिषदेकडे नोंदणी असलेल्या परिचारिकेचं काम. आजोबांना मात्र दिवसभर लागते ती मावशीच. अंग पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, खुर्चीत बसवणं ही तिची कामं. ती सोपी वाटतात, पण घात इथेच होतो. उठवताना लुळा हात धरून ओढला की खांदा निखळू शकतो. आडवं ठेवून पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडापाशी आणि टाचांवर दाबजखमा होतात. त्याची पहिली खूण म्हणजे बोटानं दाबूनही न जाणारी लाली. सावळ्या त्वचेवर ती लाल दिसत नाही. तिथली जागा गडद होते, हाताला गरम किंवा टणक लागते. हे पुस्तकातून शिकता येत नाही. दोन आठवडे खऱ्या खाटेवर, एकमेकींना रुग्ण करून सराव करावा लागतो, आणि त्या दिवसांचा पगारही द्यावा लागतो.

तो परवडतो का? समजण्यापुरते आकडे धरू. बारा तासांच्या पाळीचे घरच्यांकडून रोज १,००० म्हणजे महिन्याचे ३०,००० रुपये. त्यातले ७५० मावशीचे. चार साप्ताहिक सुट्यांना येणारी बदली धरून पगारापोटी २२,५०० गेले. राज्य विम्याचा मालकाचा हिस्सा साधारण ७५०. उरले ६,७५०. देखरेख करणारी सिस्टर ३०,००० पगारावर वीस घरं सांभाळते, म्हणून या घराच्या वाट्याचे १,५००. ऑफिस, फोन, प्रवास, पोलीस पडताळणी यांचे २,००० आणि काम नसलेल्या दिवसांसाठी १,२०० बाजूला. शिकवण्याचा खर्च ६,०००. मावशी सहा महिने टिकली तर महिन्याला हजार. हातात राहतात १,०५०. तीच मावशी दोन महिन्यांत सोडून गेली तर महिन्याला ९५० चा तोटा. म्हणून बहुतेक ब्यूरो शिकवणं आणि सिस्टरच्या फेऱ्या याच दोन गोष्टी गाळतात. माझ्या मते नेमक्या याच दोन गोष्टी सेवा म्हणून विकायच्या असतात. मावशीला किती मिळतात, हे बिलावर लिहिलं तर त्यावरून होणारा संशयही थांबतो.

‘चोवीस तास’ या शब्दाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. घरात राहणाऱ्या मावशीला झोप लागतेच. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर दुसरी मावशी हवी, आणि तिचे पैसेही.

कायद्याचं चित्र विचित्र आहे. सोसायटीला वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली परवाना लागतो. आजारी माणसाच्या उशाशी माणूस बसवणाऱ्या ब्यूरोला तसा स्वतंत्र परवाना नाही. १९४९ चा नर्सिंग होमचा कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागांसाठी आहे. ज्येष्ठांच्या कायद्यात दुरुस्ती करून घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी करावी, असं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये लोकसभेबरोबर संपलं.

सरकारी शिक्का नाही, तेव्हा विश्वास वहीवर उभा करावा लागतो. उशाशी ठेवलेल्या वहीत किती वाजता कूस बदलली, किती पाणी गेलं, लघवी किती झाली, औषध कोणी दिलं हे त्या त्या वेळी लिहिलेलं असावं. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एका दमात लिहिलेल्या दिसल्या तर समजावं की त्या संध्याकाळी भरल्या आहेत. दागिने आणि रोकड पहिल्याच दिवशी कुलपात जावी, एटीएमचा पिन मावशीला सांगूच नये. त्यात तिचंही रक्षण आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण मानलं आहे. तिच्या जेवणाची वेळ, आडवं व्हायची जागा आणि तक्रारीचा फोन नंबर करारातच असायला हवा.

आणि ब्यूरोला फोन कराल तेव्हा दराच्या आधी एवढं विचारा: तुमच्या सिस्टर किती दिवसांनी घरी येऊन आजोबांची पाठ स्वतः बघणार?